टीबी + एचआयव्ही, सात आठवडे गोळ्या चालू, तरी वजन घसरतंय. आहाराची पाहणी कुठून सुरू करू?

ओंजळ | २४ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या संस्थेसाठी ऊसतोड मजुरांच्या तळांवर फिरते. शिक्षण समाजकार्याचं आहे, आहारशास्त्राचं नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

तळावर एक बाई आहे. तिला इथे सुमन म्हणते, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ३४, उंची १५२ सेंमी. बीडकडची, नवऱ्याबरोबर कोयत्यावर आलेली, दोन मुलं सोबत. डिसेंबरच्या सुरुवातीला फुप्फुसाचा टीबी निघाला. बेडक्याच्या तपासणीत, टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध ज्याच्यावर चालतं असाच जंतू आहे असं आलं. त्याच वेळी एचआयव्हीही कळलं. टीबीच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या आणि दोन आठवड्यांनी एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी.

मागच्या हंगामातल्या शिबिरात वजन ४६ किलो होतं. टीबी निघाला तेव्हा ३६.५, तिसऱ्या आठवड्यात ३६, आणि काल मी केलं तर ३५.२. गोळ्या चुकवत नाही म्हणते, रिकामी पाकिटं पाहिली मी. खोकला पुष्कळ कमी झालाय, ताप नाही.

मला तिच्यासाठी डाएट चार्ट हवाय. प्रोटीन पावडर घ्यावी का, कुठली? संस्थेकडे थोडे पैसे आहेत.

---

पाटावरवंटा | २४ जानेवारी, ११:०५

माझ्या वडिलांना २०१४ साली टीबी झाला होता. रोज दोन अंडी, खजूर, रात्री हळद घालून दूध. सहा महिन्यांत ९ किलो वाढले. पावडर वगैरे काही लागत नाही, घरचं खाणं भरपूर द्या.

ओंजळ | ११:१२

धन्यवाद. पण 'भरपूर' म्हणजे तिच्या घरात काय असेल हाच प्रश्न आहे. आणि इथे एचआयव्हीही आहे.

---

संशयी | २४ जानेवारी, ११:३०

मुलांना तिच्या ताटातलं, उष्टं देऊ नका म्हणावं. दोन्ही रोग पसरतील.

ओंजळ | ११:३४

प्रश्न तो नाहीये हो. आणि ताटातून दोन्ही पसरत नाहीत. टीबी खोकल्यातून हवेत जातो, एचआयव्हीचा जेवणाशी काही संबंधच नाही. तळावर आधीच तिचं ताट वेगळं ठेवायला लागलेत, कृपया त्यात भर नको. मुलांची टीबीची तपासणी झालीये, एचआयव्हीचीही.

---

शिधा | २५ जानेवारी, सकाळी ७:१५

ओंजळ, मी जिल्हा रुग्णालयात बरीच वर्षं आहारतज्ज्ञ होते, त्यातली निम्मी एआरटी केंद्राच्या बाकावर गेली. चार्ट मी देईन, पण आज नाही. चार्ट ही शेवटची पायरी. तिच्या भिंतीवर 'सकाळी १ वाटी पोहे, १ फळ' लावून काय होणार? आधी तिच्याकडून चार गोष्टी आणा.

एक, पायाचा घोटा. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा राहिला तर सूज आहे, म्हणजे काट्यावर दिसतंय त्यातलं काही वजन पाण्याचं आहे. मग ३५.२ हा आकडाच खोटा, खरं त्याहून कमी.

दोन, दंडाचा घेर. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून, शिंप्याची टेप चालेल. पुढच्या वेळी त्याच हाताचा, त्याच जागी. सूज आली-गेली तरी दंड सहसा फसवत नाही.

तीन, तोंड. टॉर्च लावून जीभ, गालाची आतली बाजू, टाळू बघा. दह्यासारखे पांढरे चट्टे आहेत का? आणि विचारा, घास गिळताना छातीत दुखतं का.

चार, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय-काय तोंडात गेलं. गोळ्यांसकट, घड्याळासकट. 'काय खातेस' असं विचारू नका, 'नीट खाते' असंच उत्तर येतं. 'काल उठल्यावर पहिल्यांदा काय घेतलंस, किती वाजता?' इथून सुरू करा आणि तिच्या मागे-मागे चालत राहा.

हो, आणि काटा तोच होता का? अंगावर काय होतं? तिसऱ्या आठवड्याचं वजन दवाखान्यातलं आणि कालचं तुमच्या बॅगेतल्या काट्यावरचं असेल तर अर्ध्या किलोच्या फरकाला अर्थ नाही. पण ४६ वरून ३५ ला कुठल्याही काट्यावर अर्थ आहे. जवळजवळ चौथा हिस्सा गेलाय.

ओंजळ | ८:०२

काटा वेगळा होता. हे लक्षातच आलं नव्हतं. उद्या रविवार, पण तोड चालूच असते. संध्याकाळी जाते.

---

गोळीबंद | २५ जानेवारी, दुपारी १:२०

मेडिकल चालवतो, त्यामुळे औषधांचं सांगू शकतो. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की दुसरी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. एचआयव्हीचं डोल्युटेग्रावीरही त्यात येतं. म्हणून टीबी असताना डोल्युटेग्रावीर चालत नाही, एफाविरेंझ द्यावं लागतं. तिला चुकीची गोळी दिली असेल. वजन उतरायचं कारण तेच.

शिधा | २:०५

पहिलं वाक्य बरोबर, निष्कर्ष जुना. आता डोल्युटेग्रावीर काढत नाहीत, दुप्पट करतात. टेनोफोवीर-लॅमिव्युडीन-डोल्युटेग्रावीरची एक गोळी रोजची, आणि त्यापासून बारा तासांनी डोल्युटेग्रावीर ५० ची एक सुटी गोळी. रिफाम्पिसिन संपल्यावरही पुढे दोन आठवडे. ओंजळ, ती सुटी गोळी तिच्याकडे आहे का, हे आवर्जून बघा. सगळ्यात जास्त हरवते ती हीच, कारण बाटली वेगळी असते.

आणि गोळी कमी पडली म्हणून सात आठवड्यांत वजन उतरलं, असा सरळ हिशेब लावू नका. विषाणू दबला नाही तर पुढे महाग पडेल हे खरं. पण आजचं उत्तर बहुधा चुलीजवळ आहे.

गोळीबंद | २:३०

मान्य, आमच्याकडे सरकारी गोळ्या येत नाहीत त्यामुळे हे ठाऊक नव्हतं. एक मात्र अनुभवाचं सांगतो. कॅल्शियम, लोह, झिंक आणि पित्ताची पातळ औषधं डोल्युटेग्रावीरबरोबर एकत्र गेली की गोळी पोटातच अडकते, रक्तात जात नाही. ती काय-काय घेते ते विचारा. आणि दूध पूर्ण बंद करा, त्यातही कॅल्शियम आहे.

शिधा | २:४१

दूध सोडून बाकी सगळ्याला अनुमोदन. जेवणातल्या दुधाने एवढं बिघडत नाही, अडचण गोळ्यांतल्या आणि औषधांतल्या धातूंची. एकीकडे ३५ किलोची बाई आणि दुसरीकडे दूध बंद, असं करून चालायचं नाही.

---

रापण | २५ जानेवारी, ४:१०

आमच्या मालवणच्या काकांना टीबीच्या गोळ्या चालू असताना बांगडा खाल्ल्यावर तोंड लालबुंद, छाती धडधड, डोकं दुखणं असं झालं होतं. डॉक्टर म्हणाले गोळी आणि मासा जुळला नाही. म्हणजे टीबीत मासे बंद का?

शिधा | ४:२५

बंद नाहीत. टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडमुळे शरीराची हिस्टामिन मोडायची ताकद कमी होते आणि बांगडा-तारलीसारख्या माशात, बर्फाविना राहिला की, ते साचतं. शिजवून जात नाही. ताजा मासा खा, उन्हात राहिलेला नको. पण उसाच्या फडावर बांगडा कुठून येणार!

---

ओंजळ | २६ जानेवारी, रात्री ११:२०

जाऊन आले. दीड तास बसले, ती भाकरी थापत होती आणि मी विचारत होते. जसं ऐकलं तसं लिहिते.

दोन्ही पायांना सूज आहे. दाबल्यावर खळगा राहिला, फार खोल नाही पण राहिला. दंड १७.८ सेंमी. तोंडात, टाळूला आणि गालाला पांढरे चट्टे. म्हणाली, "ताई, भाकरीचा घास काट्यावानी टोचतोय. च्यात बुडवून खाते मग." हे तिने कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणे "त्यांनी खोकल्याचं इचारलं."

कालचा दिवस असा:
पहाटे ४ ला उठली. ४:१५ ला टीबीच्या तीन गोळ्या आणि बी-६ ची एक. लगेच मळमळ, म्हणून गावातल्या डॉक्टरने दिलेलं गुलाबी पातळ औषध दोन झाकणं. ४:३० ला काळा चहा. ५ ला फडावर.
१० वाजता फडात एक भाकरी, ठेचा, चहात बुडवून. ती अर्धी राहिली, उरलेली मुलीने खाल्ली.
२ ला पुन्हा चहा.
संध्याकाळी ७ ला तळावर. चूल, पाणी, मुलं. ९ ला नवरा आणि मुलं जेवली. नंतर हिने वाटीभर भात, वरण म्हणजे पिवळं पाणीच, आणि कशीबशी एक भाकरी घेतली.
९:३० ला एआरटीची मोठी गोळी. त्याच घोटाबरोबर आशाताईंनी दिलेली रक्तवाढीची लाल गोळी.

सुटी बाटली होती, ती १० जानेवारीला संपली. केंद्र ६० किलोमीटरवर. एक दिवस गेलं की त्या दिवसाची मजुरी आणि मुकादमाच्या शिव्या. तिला वाटलं "येकाच रोगाला दोन डबल दिल्यात चुकून", म्हणून परत आणली नाही.

मी हात टेकले. कुठून सुरू करू?

---

शिधा | २७ जानेवारी, सकाळी ६:५०

तुम्ही फार चांगलं काम केलंत. आता आपण जी पाहणी म्हणतो ती खरी झाली.

आधी तातडीचं. उंचीच्या मानाने तिचा वजनांक १५.२ येतो, तोही सुजेसकट. १६ च्या खाली आणि वर पायाला सूज, असं असेल तर मी तळावर बसून चार्ट लिहीत नाही, रुग्णालयात दाखल करायला सांगते. आज फोन करा. तिथे डोळ्यांचा पिवळेपणा आणि यकृताची तपासणी बघू द्या, कारण मळमळ गोळ्यांमुळे यकृत दुखावल्याचीही असू शकते. लघवीच्या रंगावरून कळायचं नाही, रिफाम्पिसिनने ती नारिंगीच होते. हिमोग्लोबिन, साखर आणि क्षार तर हवेतच.

तोंडातल्या चट्ट्यांवर औषध आहे आणि तेच आधी. त्याशिवाय तुम्ही बदामाचा शिराही दिलात तरी घशाखाली उतरणार नाही. डॉक्टरांना सांगा की रिफाम्पिसिन चालू आहे, कारण बुरशीवरची फ्लुकोनॅझोलही त्याच्यामुळे थोडी कमी पडते. मात्रा त्यांनी ठरवायची.

आता गोळ्यांचं. त्या गुलाबी बाटलीवर बघा, अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम लिहिलेलं असेल. पहाटे ती टीबीच्या गोळ्यांवर ओतली जातेय, आणि अॅल्युमिनियममुळे आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. रात्री लोहाची गोळी डोल्युटेग्रावीरला धरून ठेवतेय, तेही पोट जवळजवळ रिकामं असताना. आणि बारा तासांची सुटी गोळी तर दोन आठवडे गायब. तीनही बाजूंनी गळती आहे. एकेक गोष्ट छोटी, आणि कोणीच चूक केलेली नाही. आशाताईंनी लोह दिलं ते योग्य, गावच्या डॉक्टरने मळमळीवर औषध दिलं तेही समजण्यासारखं. फक्त या तिघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही.

गोळीबंद | ९:१५

मग वेळा अशा लावता येतील का: पहाटे टीबीच्या गोळ्या आणि सुटी डोल्युटेग्रावीर, लोह दुपारी फडातल्या भाकरीबरोबर, रात्री मोठी गोळी? पित्ताचं औषध घ्यायचंच असेल तर दुपारी १२ च्या सुमारास. डोल्युटेग्रावीर अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, असा नियम आहे. पहाटेची गोळी होऊन सात-आठ तास झालेले, रात्रीच्या गोळीला नऊ तास बाकी. बसतं.

शिधा | ९:४०

लोह आणि पित्ताचं औषध यांच्या बाजूने बसतं, पण पहाटे सव्वाचार आणि रात्री साडेनऊ यांत बारा नाही, सतरा तास पडतात, तेवढं विचारून घ्या. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांकडून होकार घ्या म्हणजे झालं. मळमळ फारच असेल तर टीबीच्या गोळ्या भाकरीच्या तुकड्यावर घेतल्या तरी चालतील. उपाशीपोटी जास्त शोषल्या जातात हे खरं, पण उलटून पडलेल्या गोळीपेक्षा तुकड्यावर घेतलेली बरी.

---

बांधावरचा | २७ जानेवारी, दुपारी १२:५५

माझे आई-बाप वीस वर्षं तोडीला गेले. तुम्ही शहरातली माणसं 'दाखल करा' म्हणता. उचल घेतलेली असते, ती जोडीच्या नावाने. बाई दवाखान्यात म्हणजे अर्धा कोयता बंद. ते दिवस उचलीत फिटत नाहीत, पुढच्या वर्षाला चढतात. तिला विचारलं का कोणी, तिला परवडतं का?

शिधा | १:३०

बरोबर बोललात, आणि मला याचं सोपं उत्तर नाही. पण १५ च्या वजनांकाने आणि सुजलेल्या पायांनी ती फडावर किती दिवस उभी राहील, हाही त्याच हिशेबातला आकडा आहे. मी असते तर पाच दिवस मागितले असते. पाच दिवस मुकादमाला सांगता येतात, महिना सांगता येत नाही.

बांधावरचा | १:४२

पाच दिवस मिळतील. मुकादमाला टीबी सांगा, दुसरं नाव काढू नका.

---

सकाळचंऊन | २७ जानेवारी, ३:०५

मी जिममध्ये ट्रेनर आहे. इतकी कमी असेल तर पहिल्या दिवसापासून मारा करा. सहा अंडी, दोन स्कूप व्हे, केळी, तूप. आठवड्यात फरक दिसेल.

शिधा | ३:२२

आठवड्यात फरक दिसेल, पण उलटाही दिसू शकतो. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न ओतलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरतं, रक्तात उरत नाही. धाप, अशक्तपणा, सूज वाढते, हृदयाचे ठोके बिघडतात. बी-१ सुद्धा संपलेलं असतं. हिच्यासारख्यांना हा धोका मोठा आहे, म्हणूनच पहिले काही दिवस दवाखान्यात हवेत. थोडं-थोडं, दर दोन-तीन तासांनी, आणि चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं. तिथून पुढे तुमची अंडी.

---

शिधा | २७ जानेवारी, रात्री ९:१०

ओंजळ, तुम्ही जे लिहून आणलंत त्याचा ढोबळ हिशेब केला, तुम्हाला पुढे कामाला येईल. दिवसभरात दोनपैकी दीडच भाकरी तिच्या पोटात नीट गेली असं धरू. भाकरीमागे साधारण २०० कॅलरी. भात १७५, पातळ वरण ५०, तीन चहांची साखर १२०, ठेच्यातलं तेल ६०. एकूण ७०० च्या आसपास. प्रथिनं १६-१७ ग्रॅम.

लागतात किती? वजनाचा हिशेब आताच्या ३५ वर नाही, जिथे न्यायचंय त्या ४६ वर करायचा. किलोला ४० कॅलरी म्हणजे १८४०, आणि प्रथिनं ५५ ते ६९ ग्रॅम. तोड सोडून. म्हणजे खड्डा अकराशेच्या वर आहे.

हा आकडा मी मुद्दाम सांगतेय. झारखंडमध्ये भार्गव दांपत्याच्या गटाने २०१९ पासून टीबीच्या रुग्णांना महिन्याला १० किलोचा शिधा दिला होता: तांदूळ ५ किलो, तूरडाळ ३, दूध पावडर दीड, आणि अर्धा लिटर तेल. त्यातून दिवसाला १२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं मिळायची. जवळजवळ तेवढाच खड्डा. त्यात दिसलं असं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका पुष्कळ कमी होता. सुमनच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे १.८ किलो, ३६.५ वरून ३८.३. ते व्हायला हवं होतं आठव्या आठवड्यापर्यंत. आपण उलट्या दिशेला आहोत.

ओंजळ | ९:३५

म्हणजे एक प्रोटीनचा डबा घेण्याऐवजी डाळ-तेल-शेंगदाणे घेतले तर?

शिधा | ९:४८

डब्याच्या पैशात घर कितीतरी दिवस जेवतं. तोंड बरं होईपर्यंत मऊ लागेल: ज्वारीची आंबील, त्यात ताक, मुगाचं कढण, भात खूप शिजवून त्यावर तेल आणि शेंगदाण्याचा बारीक कूट. तिखट ठेचा तेवढा लांब. पहिल्या आठवड्यानंतर रोज मूठभर शेंगदाणे आणि एक-दोन अंडी, फडात नेता येतील अशी, उकडून.

पण खरी गोष्ट शेवटी आली. तुम्ही 'भाकरी उरली ती मुलीने खाल्ली' असं लिहिलंत. या घरात जे काही आणाल ते चार जणांत वाटलं जाणार, आणि वाटलं जायलाच हवं. फक्त तिच्या एकटीच्या नावाने शिधा दिलात तर तिच्या ताटात त्याचा चौथा भागही उरणार नाही. चौघांचा धरा. आणि विचारा: मागच्या महिन्यात किती रात्री तिने पाणी पिऊन झोप काढली? किराणा उधारीवर कुणाकडे? रेशनकार्ड कुठे आहे?

---

ओंजळ | २८ जानेवारी, रात्री १०:१५

विचारलं. सात-आठ रात्री, "मोजल्या न्हाईत". मुलं कधी उपाशी झोपली नाहीत म्हणाली, ते सांगताना आवाज चढला होता.

रेशनकार्ड गावी सासूकडे. देशात कुठेही उचलता येतं म्हणून इथल्या दुकानात गेले, अंगठा लागला, पण या महिन्याचं सगळं धान्य सासूने आधीच उचललेलं. आता ठरलंय की फेब्रुवारीत या चौघांचा वाटा इथे उचलायचा, सासूचा तिने तिथे.

टीबीच्या रुग्णांना खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे ३००० सुरुवातीलाच जमा झालेत, हे तिला माहीतच नव्हतं! खात्याला नवऱ्याचा नंबर, मेसेज त्याला. त्याने किराण्याची जुनी उधारी भागवली. त्यालाही बोल लावता येत नाही, खाण्याचीच उधारी होती. दुसरा हप्ता ३००० चा ८४ दिवसांनी.

बांधावरचा | १०:४०

महिन्याला हजार म्हणजे दिवसाला ३३ रुपये. माणसाचं एकवेळचं होतं, घराचं नाही.

पाटावरवंटा | १०:५५

माफ करा, मी पहिल्या दिवशी 'घरचं खाणं भरपूर द्या' लिहून बसलो होतो.

---

गोळीबंद | ३० जानेवारी, सकाळी ११:००

एक शंका. टीबीच्या गोळ्या वजनावर असतात. ३५ ते ४९ ला तीन, त्याखाली दोन. सूज उतरली आणि वजन ३४ च्या घरात गेलं तर गोळ्या कमी करायच्या का?

शिधा | ११:२५

चांगला प्रश्न आहे. आपण कोणीही हात लावायचा नाही, वजन आणि सूज दोन्ही लिहून डॉक्टरांना दाखवायचं. माझं मत विचाराल तर काट्याच्या चारशे ग्रॅमसाठी मी मात्रा बदलायची घाई करणार नाही. माझ्या ओळखीतल्या काही डॉक्टरांना हे पटणार नाही, विशेषतः यकृताच्या तपासणीत काही निघालं तर.

---

ओंजळ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, क्षमस्व.

ती पाच दिवस राहिली, बांधावरचा म्हणाले तसं टीबीचं नाव सांगूनच. यकृत ठीक निघालं. हिमोग्लोबिन ७.८. तोंडाचे चट्टे गेले, तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून भाकरी मागितली, कोरडी. गुलाबी बाटली बंद. सुटी गोळी दोन महिन्यांची मिळाली, आणि केंद्रातल्या ताईंनी डब्यावर सूर्य आणि मोठ्या गोळीच्या डब्यावर चंद्र काढून दिलाय. लोह दुपारी.

आज वजन केलं. माझाच काटा, तेच लुगडं, चप्पल काढून. ३५.०.

मी खचलेच होते, मग दंड मोजला. १८.३ सेंमी. नडगी दाबली, खळगा नाही.

शिधा | १०:२०

मग खचू नका. काट्यावरून दोनशे ग्रॅम गेले ते पाणी. अर्धा सेंटिमीटर दंड वाढलाय, तो तिचा स्वतःचा. तुमच्या वहीत ३५.२ च्या पुढे 'सुजेसह' असं लिहा, नाहीतर पुढचा कोणीतरी वजन घटलं असं वाचेल आणि औषधं लागू पडत नाहीत म्हणून तिला दुसऱ्याच दिशेला पाठवेल.

इथून पुढे मात्र काटा वर सरकायला हवा. दर आठवड्याला. दोन-तीन आठवडे पोटभर जेवूनही हलला नाही, किंवा ताप परतला, मानेला गाठी आल्या, तर विचार वेगळा करावा लागेल. एआरटी सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होऊन दबलेला टीबी उसळल्यासारखा दिसतो तो प्रकार, किंवा गोळ्यांना न जुमानणारा जंतू, किंवा तिसरंच काही. आज सांगता यायचं नाही. विषाणूचं प्रमाण मोजतील तेव्हा ते दोन आठवडे सुट्या गोळीविना गेले होते हे आठवणीने सांगा.

ओंजळ | १०:३५

शिधा घेऊन मी परवा गेले तेव्हा शेजारच्या खोपीतली बाई म्हणाली, "हिलाच का?" मी गडबडले. आता संस्थेत बोलून तळावरच्या सगळ्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी शेंगदाणे आणि डाळ देतोय, म्हणजे तिचं वेगळं दिसत नाही. पैसे मार्चपर्यंतच पुरतील.

बांधावरचा | १०:५०

मार्चला पट्टा पडला की गाडी गावाकडं. सरकारच्या टीबी नोंदणीत, निक्षयवर, तिची बदली आत्ताच गावच्या आरोग्य केंद्रात टाकून ठेवा, शेवटच्या आठवड्यात कोणी फोन उचलत नाही. आणि गोळ्या महिनाभराच्या हातात द्या. गावी गेल्यावर पहिले आठ दिवस माणूस फक्त झोपतो.

ओंजळ | १०:५८

उद्याच टाकते. गावी चूल सासूची असेल, तिथे हिचं ताट कितव्या नंबरला लागेल ते विचारायचं राहिलंय.